स्टेजिंग सर्व्हर हा पाहुणा आहे, अप्पा! एका ईमेलची गोष्ट आणि एका बिलाचा हिशोब

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो, जवळपास तसंच ठेवलंय. कमांड मात्र नीट टाईप करून दिल्यात, कॉपी करता येतील.)

इअरफोन लावून नांदेड-लातूर बसमध्ये बसला असाल तर हा भाग अर्ध्या रस्त्यातच संपेल.

आज एक ईमेल वाचून दाखवणार आहे. मीच लिहिलेला. मी नांदेडला राहतो, फ्रीलान्स काम करतो, आणि माझे एक क्लायंट लातूरला आहेत. मार्केट यार्डात त्यांची आडत आहे. नाव सांगत नाही, आपण त्यांना अप्पा म्हणू. मीही अप्पाच म्हणतो. शेतकऱ्याचा माल आला, वजन झालं, सौदा झाला की जी पट्टी बनते, म्हणजे मालाची रक्कम, त्यातून हमाली, तोलाई वजा जाता हातात किती, ती पट्टी बनवणारं अॅप मी त्यांना करून दिलंय. पट्टी छापून मिळते आणि शेतकऱ्याला मेसेजही जातो.

एक दिवस अप्पांचा व्हॉट्सअॅप आला. बिलाचा फोटो, दोन ओळींवर लाल गोल, आणि खाली एवढंच: "दुकान एक, सर्व्हर दोन कशाला? दुसरा बंद करा."

प्रश्न चुकीचा नाही. पैसे त्यांचे आहेत. फोनवर "अप्पा, ते लागतंच" म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोटो आला असता. म्हणून बसलो आणि ईमेल लिहिला. तुकड्या-तुकड्यानं वाचतो आणि मधेमधे तुमच्यासाठी थोडं तांत्रिक सांगतो. ते अप्पांना लिहिलेलं नाही.

ईमेलचा पहिला तुकडा: दुसरा सर्व्हर करतो काय

"अप्पा, सप्रेम नमस्कार.

बिलात दोन सर्व्हर दिसतात. पहिला २४ डॉलरचा, त्यावर आपलं खरं अॅप चालतं. दुसरा १२ डॉलरचा, त्याला स्टेजिंग म्हणतात. अॅपमध्ये काहीही बदल करायचा झाला की तो आधी तिथं टाकतो, मुनीमजी दोन-चार पट्ट्या काढून बघतात, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच खऱ्या अॅपवर जातो.

मागच्या वेळी हमालीचा दर बदलला तेव्हाचं आठवा. शेतकऱ्याची २० पोती भरलेली आणि २१वं अर्धं. अॅपनं २१ पोत्यांची हमाली धरली. मुनीमजी म्हणाले, 'आपल्याकडं अर्ध्या पोत्याला अर्धीच लागते.' हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तो मुनीमजींच्या डोक्यात होता. पोत्याला १० रुपये हमाली धरली तर फरक ५ रुपयांचा. पण खिडकीवर शेतकऱ्यानं तो ५ रुपयांचा फरक दाखवला असता, तर त्या दिवशीच्या सगळ्याच पट्ट्या पुन्हा तपासायला लागल्या असत्या. ती पट्टी स्टेजिंगवर निघाली होती म्हणून आपण निवांत होतो."

इथं थांबतो. क्लायंटला "टेस्टिंगसाठी वेगळं एनव्हायर्नमेंट हवं" असं लिहिलं असतं तर त्यांनी ती ओळ वाचून सोडून दिली असती. त्यांच्याच दुकानात घडलेला प्रसंग लिहिला की त्यावर वाद होत नाही. तुमच्या क्लायंटकडं असा प्रसंग असणारच. बदलाच्या वेळी "हे स्टेजिंगवर सापडलं" अशी एका ओळीची नोंद ठेवत जा, असा ईमेल लिहायची वेळ आली की ती कामाला येते.

दुसरा तुकडा: पाहुणा कसा काय

"आता हा दुसरा सर्व्हर म्हणजे वेगळं मशीन नाही. बंगळुरूमध्ये डिजिटलओशन कंपनीचं एक मोठं मशीन आहे. त्या एका मशीनमध्ये कितीतरी जणांचे सर्व्हर राहतात. मशीन म्हणजे यजमान आणि आपला सर्व्हर म्हणजे पाहुणा. ही माझी उपमा नाही, आमच्या धंद्यातच त्याला पाहुणा म्हणतात.

या पाहुण्यासाठी लॉजमध्ये एक खोली घेतलीय असं समजा. खोलीचं माप ठरलेलं आहे: २ जीबी रॅम, एक प्रोसेसर, ५० जीबी जागा. पाहुणा दिवसभर काम करो की झोपून राहो, खोली आपल्या नावावर अडकलेली असते. म्हणून भाडं लागतं."

मंडळी, तुमच्यासाठी सांगतो. इंग्रजीत ही जोडी होस्ट आणि गेस्ट अशीच आहे. होस्टवर हायपरव्हायजर चालतो, तो मशीनची रॅम, सीपीयू, डिस्क वाटून देतो. लिनक्समध्ये हे काम करणारं केव्हीएम २००७ साली २.६.२० या कर्नलमध्ये आलं. तुम्ही भाड्यानं घेता त्या बऱ्याच व्हीपीएस केव्हीएमवरच चालतात. आत बसलेल्या पाहुण्याला वाटतं की अख्खं घर आपलंच. यजमानाच्या नजरेत मात्र तो चालू असलेल्या बऱ्याच प्रोसेसपैकी एक असतो.

तुमचा सर्व्हर पाहुणा आहे का, ते त्यालाच विचारा:

```
systemd-detect-virt
```

उत्तर `kvm` आलं तर केव्हीएमचा पाहुणा. `none` आलं तर खरंखुरं मशीन.

तिसरा तुकडा: नुसता बंद केला तर?

अप्पांची पहिली सूचना तीच होती: बंद करा. त्याचं उत्तर असं लिहिलं:

"सर्व्हर बंद करता येतो, एक बटण आहे. पण या कंपनीकडं बंद सर्व्हरचंही पूर्ण बिल येतं. लॉजच्या खोलीला कुलूप लावून आपण चार दिवस गावाला गेलो, तर लॉजवाला भाडं सोडत नाही. खोली तो दुसऱ्याला देऊ शकत नाही ना. पैसे वाचवायचे तर खोली सोडावी लागते, नुसतं कुलूप लावून चालत नाही."

हे बऱ्याच नव्या मुलांना माहीत नसतं. `poweroff` केलं, डॅशबोर्डवर "ऑफ" दिसलं, आणि महिन्याच्या शेवटी बिल तेवढंच. कारण पाहुणा बंद असला तरी त्याची डिस्क, आयपी आणि त्याच्यासाठी ठेवलेली रॅम-सीपीयूची जागा राखीवच असते.

प्रत्येक कंपनीचा नियम सारखा नाही, हेही लक्षात ठेवा. अॅमेझॉनच्या ईसी-टूमध्ये मशीन थांबवलं की सीपीयू-रॅमचं भाडं थांबतं, पण डिस्कचं चालू राहतं, आणि आयपी राखून ठेवला असेल तर त्याचंही. क्लायंटला काही सांगण्याआधी त्या कंपनीचं बिलिंगचं पान वाचा आणि मग आकडा लिहा.

चौथा तुकडा: एकाच सर्व्हरवर दोन्ही का नको

अप्पांचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सुचवलं होतं, की मोठ्या सर्व्हरवरच स्टेजिंगही ठेवा, फुकट होईल. सूचना वाईट नाही. छोट्या वेबसाईटला मीही तसं करतो. इथं का केलं नाही, ते असं लिहिलं:

"तुमच्या मुलानं सुचवलेलं शक्य आहे. पण मग पाहुण्याला वेगळी खोली मिळत नाही, तो आपल्याच स्वयंपाकघरात येऊन बसतो. स्टेजिंगवर मी गेल्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्यांचा डेटा चढवून अहवाल तपासतो, तेव्हा त्याला भरपूर रॅम लागते. त्याच वेळी तुमच्या खिडकीवर सोयाबीनची गर्दी असेल तर दोघांना पुरत नाही. मग सर्व्हर स्वतःच ठरवतो की कुणाला उठवायचं. आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उठवतो. आपल्या सर्व्हरवर सगळ्यात जास्त खातो तो खरा डेटाबेस. म्हणजे पाहुण्यामुळं घरचा माणूस उपाशी उठतो."

लिनक्समध्ये या उठवणाऱ्याचं नाव ओओएम किलर. रॅम पार संपली की तो एक प्रोसेस मारतो. कुणाला मारायचं ते गुणांवर ठरतं, आणि गुणांत मोठा वाटा रॅमच्या वापराचा. त्यामुळं एकाच मशीनवर पोस्टग्रेस असेल तर तो वारंवार बळी जातो. तुमचं अॅप अधूनमधून आपोआप बंद पडत असेल, लॉगमध्ये कोडची काहीच चूक दिसत नसेल, तर हे बघा:

```
sudo dmesg -T | grep -i "out of memory"
```

तिथं `Killed process` आणि पुढं `postgres` दिसलं की समजायचं, कोड ठीक आहे, जागा कमी आहे. डिस्कचंही तसंच. स्टेजिंगच्या लॉगनं डिस्क भरली तर खऱ्या डेटाबेसलाही लिहायला जागा उरत नाही, आणि पट्टी सेव्ह होत नाही. डॉकरमध्ये दोघांना वेगळं ठेवून रॅमची मर्यादा घालता येते, त्यानं धोका कमी होतो. पण मशीनच रीस्टार्ट करायचं झालं तर दोघंही एकदम बंद पडतात.

पाचवा तुकडा: खरा खर्च

आता अप्पांचा आवडता भाग, आकडे. डॉलर ९० रुपये धरला, म्हणजे गणित सोपं जातं.

"अप्पा, आपल्यासमोर दोन रस्ते आहेत.

पहिला, पाहुणा बारा महिने ठेवायचा. १२ डॉलर म्हणजे १,०८० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. महिन्याला १,२७४ रुपये. वर्षाला साधारण १५,३०० रुपये.

दुसरा, गरज असेल तेव्हाच बोलवायचा. काम झालं की त्याचं सामान बांधून क्लोकरूममध्ये ठेवायचं आणि खोली सोडायची. सामान म्हणजे सर्व्हरची जशीच्या तशी प्रत. ती साधारण १५ जीबीची आहे, तिचं भाडं जीएसटीसह महिन्याला ९६ रुपये. महिन्यातून सहा दिवस पाहुणा आला तर त्या दिवसांचे साधारण २७३ रुपये. मिळून ३७० रुपयांच्या आत.

याशिवाय पाहुण्याची सरबराई. सुरक्षेचे अपडेट, डेटा ताजा करणं, नावं-नंबर झाकणं. त्याला माझे महिन्याला दोन तास जातात, तासाला ६०० रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. हे दोन्ही रस्त्यांवर लागतात. तुमच्या बिलात ही रक्कम 'देखभाल' या ओळीत आहे."

शेवटचा परिच्छेद लिहायला अवघड गेला. आपण फ्रीलान्सर लोक सर्व्हरचे पैसे बिनधास्त सांगतो आणि स्वतःच्या तासांवर आलं की लाजतो. पण इथं बघा, सर्व्हरचं भाडं १,२७४ आणि माणसाचं काम १,२००. जवळपास निम्मा-निम्मा खर्च. तो लपवला तर क्लायंटला वाटतं की सर्व्हर बंद केला म्हणजे सगळा खर्च गेला.

दुसऱ्या रस्त्याची तांत्रिक बाजू थोडक्यात. सामान बांधणं म्हणजे स्नॅपशॉट. मशीन आधी बंद करा, म्हणजे डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकत नाही. मग:

```
doctl compute droplet-action snapshot <id> \
  --snapshot-name patti-staging --wait
doctl compute snapshot list
doctl compute droplet delete <id>
```

दुसरी ओळ विसरू नका. यादीत स्नॅपशॉट दिसला, आणि निदान एकदा त्यावरून मशीन उभं करून बघितलं, की मगच तिसरी ओळ चालवा. खोली सोडल्यावर मागं काही राहत नाही. परत बोलवायचं असेल तर:

```
doctl compute droplet create patti-staging \
  --image <snapshot-id> --size s-1vcpu-2gb --region blr1
```

यात तीन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक, नव्या मशीनला नवा आयपी मिळतो, म्हणून डीएनएस बदलावा लागतो. "आयपी राखून ठेवू" म्हणाल तर तो कुठल्या मशीनला जोडलेला नसताना महिन्याला ५ डॉलर लागतात, म्हणजे बचतीतला मोठा भाग तिथंच गेला. दोन, ५० जीबी डिस्कचा स्नॅपशॉट त्याहून लहान डिस्कवर उघडत नाही, त्यामुळं सुरुवातीलाच गरजेपेक्षा मोठी खोली घेऊ नका. तीन, तीन महिने झोपलेला पाहुणा उठतो तेव्हा त्याचे अपडेट तीन महिने जुने असतात. आधी ते करा, मग काम.

सहावा तुकडा: पाहुण्याकडं किल्ली नाही

"एक गोष्ट मी आधीपासूनच पाळतो, ती तुम्हाला माहीत असावी. पाहुण्याच्या हातात तिजोरीची किल्ली दिलेली नाही. स्टेजिंगवर शेतकऱ्यांचे खरे मोबाईल नंबर आणि बँक खाती नाहीत. तिथून मेसेजही जात नाहीत. नाहीतर मी खोटी पट्टी काढून बघायचो आणि औशाच्या एखाद्या शेतकऱ्याला चार लाख जमा झाल्याचा मेसेज जायचा. तो सकाळी दुकानासमोर उभा राहील, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल."

ही ओळ वाचून अप्पांनी लगेच फोन केला होता, "हे असं होऊ शकतं?" हो, होऊ शकतं. खऱ्या डेटाची प्रत स्टेजिंगवर घेतली की नंबर खरेच येतात. म्हणून प्रत चढवली की अॅप सुरू करण्याआधी हे चालतं:

```
UPDATE farmers
SET mobile = '0000000000', bank_ac = NULL;
```

आणि मेसेज पाठवणाऱ्या सेवेची खरी की स्टेजिंगच्या सेटिंगमध्ये ठेवायचीच नाही. दोन्ही करा. एक विसरलं तर दुसरं वाचवतं.

सातवा तुकडा: पाहुणा काय सांगू शकत नाही

"शेवटचं. स्टेजिंगवर पट्टी बरोबर निघाली म्हणजे हिशोब बरोबर. पण तिथं ती किती सेकंदात निघाली, त्यावरून खऱ्या दुकानातला वेग ठरवू नका. मुनीमजींना तिथं अॅप कधी कधी हळू वाटतं, त्याचं कारण शेजारच्या खोलीतला दुसरा पाहुणा असू शकतो."

स्वस्त प्लॅनमध्ये सीपीयू सामायिक असतो. शेजाऱ्यानं जोर लावला की आपल्याला थांबावं लागतं. या थांबण्याला स्टील टाइम म्हणतात, आणि तो `top` मध्ये दिसतो:

```
%Cpu(s): 58.3 us, 9.1 sy, 0.0 ni, 18.6 id, 1.2 wa, 0.0 hi, 0.6 si, 12.2 st
```

शेवटचा आकडा, `st`. इथं १२.२ आहे. म्हणजे त्या क्षणी सीपीयूचा साधारण आठवा हिस्सा वेळ आपलं काम तयार होतं, पण यजमान दुसऱ्याला वाढत होता. हा आकडा शून्याच्या आसपास असेल आणि तरी अॅप हळू असेल, तर शेजाऱ्याला दोष देऊ नका, आपली क्वेरी बघा. बराच वेळ तो दहाच्या वर राहत असेल तर कोडमध्ये शोधून उपयोग नाही. मशीन बदला, किंवा स्वतंत्र सीपीयूचा प्लॅन घ्या. स्टेजिंगसाठी मी ते करत नाही, कारण तिथं मला हिशोब तपासायचाय, वेग नाही.

मग ठरलं काय

ईमेलच्या शेवटी मी सल्ला दिला. क्लायंटसमोर नुसते पर्याय ठेवून गप्प बसायचं नाही, आपलं मत सांगायचं. मी लिहिलं:

"माझा सल्ला असा. नवं सोयाबीन ऑक्टोबरात यार्डात यायला लागतं. त्याआधी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपण नवे बदल करतो. गर्दीच्या महिन्यांत नवं काही टाकत नाही, पण काही अडलं तर तपासायला जागा लगेच तयार हवी. म्हणून ऑगस्ट ते डिसेंबर, पाच महिने पाहुणा मुक्कामाला ठेवू. बाकीचे सात महिने सामान क्लोकरूममध्ये, गरज पडेल तेव्हा बोलवू. वर्षाचं भाडं १५,३०० ऐवजी ९,००० च्या आत येईल. साधारण ६,३०० रुपये वाचतील.

त्यातून एक तोटा आहे. त्या सात महिन्यांत तुम्ही सकाळी बदल सांगितला तर स्टेजिंग लगेच तयार नसेल. अपडेटसह उभं करायला मला तासभर द्या."

गणित तपासून बघा: पाच गुणिले १,२७४ म्हणजे ६,३७०. सात गुणिले ३६९ म्हणजे २,५८३. बेरीज ८,९५३.

तोटा लिहिला म्हणून काम हातचं जाईल अशी भीती वाटते बऱ्याच जणांना. पण तो तास नंतर कधीतरी लागणारच आहे. आधी लिहिलेला असला तर क्लायंट वाट बघतो, नसला तर चिडतो.

अप्पांनी ईमेलला उत्तर दिलं नाही, ते कधीच देत नाहीत. संध्याकाळी फोन आला. मुनीमजींनी वाचून दाखवला होता म्हणे. "पाच महिने ठेव, सात महिने गुंडाळ. आणि खातं आमच्या नावानं कर, जीएसटी नंबर टाक." ही शेवटची सूचना माझ्या ईमेलमध्ये नव्हती, मुनीमजींची होती, आणि एकदम बरोबर होती. सर्व्हरचं खातं क्लायंटच्या नावानं, त्यांच्या कार्डावर असावं आणि आपण त्यात टीम मेंबर म्हणून असावं. बिल त्यांच्या जीएसटी नंबरवर येतं, कराचं काय करायचं ते त्यांचा सीए बघतो. आणि उद्या आपण दुसरीकडं नोकरीला गेलो तरी त्यांचं दुकान आपल्या पासवर्डवर अडून राहत नाही.

पुढच्या भागात बॅकअपवर बोलू. कारण स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि तसं नसतं. तोवर तुमच्या सर्व्हरवर `top` लावा आणि `st` चा आकडा किती आला ते मला कळवा. भेटू.